खांद्यावरचा पट्टा पुसताना

लग्नाच्या फोटोंचं रिटचिंग हे माझं रोजचं काम. फोटोग्राफर फोटो काढतो, अल्बमवाला पानं लावतो, आणि या दोघांच्या मधे फोटो माझ्याकडे असतात. उन्हाळ्यातल्या लग्नांमध्ये एक मागणी हमखास येते: खांद्यावरचा पट्टा घालवून द्या. एरवी कपड्याखाली झाकलेला, उन्हापासून वाचलेला कातडीचा तुकडा रुंद गळ्याच्या ब्लाउजमध्ये किंवा गाऊनमध्ये उघडा पडतो आणि आजूबाजूच्या रापलेल्या खांद्यावर ठसठशीत दिसतो.

इथे लिहितोय ते मुख्यतः एका फोटोच्या आधाराने. कोल्हापूरकडची वधू, उघड्या तलावावर मुलांना पोहायला शिकवणारी. सकाळच्या विधींना नऊवारी आणि कोपरापर्यंत बाह्यांचं ब्लाउज होतं, त्यामुळे काही दिसलं नाही. संध्याकाळी रिसेप्शनला खांदे उघडे राहणारा गाऊन, आणि दोन्ही खांद्यांवर पोहण्याच्या पोशाखाचे दोन-दोन बोटं रुंद फिकट पट्टे. पट्टे पुढे येऊन छातीच्या वरच्या भागात अर्धगोल गळ्याच्या कडेला मिळत होते.

१. आधी पट्टा कशाचा आहे ते ओळखा

खांद्यावरचे पट्टे दोन जातींचे असतात आणि दोघांचा इलाज वेगळा. एक दाबाचा. घट्ट पट्टी काढून लगेच फोटो काढला तर कातडीवर खाच उमटलेली असते. खाचेची एक कड उजळ आणि दुसरी अंधारी दिसते, आणि बहुतेकदा तिथे लालसर छटा असते. खाचेच्या दोन्ही बाजूंचा आणि खाचेतला मूळ रंग मात्र एकच असतो. दुसरा उन्हाचा. त्यात खाच नसते, उंचसखलपणा नसतो, नुसता रंग बदललेला असतो.

ओळखायला सोपं आहे. फोटो शंभर टक्के मोठा करून पट्ट्याची कड बघा. कडेला सावली असेल तर दाब, नसेल तर ऊन. कधी दोन्ही एकावर एक असतात. तेव्हा आधी खाच भरून काढायची आणि मग रंगाकडे वळायचं. उलट क्रमाने गेलं तर खाचेची सावली रंगाच्या दुरुस्तीत अडकून बसते आणि शेवटपर्यंत रेघ दिसत राहते.

दाबाच्या खाचेला हीलिंग ब्रश पुरतो, कारण ती अरुंद असते आणि आजूबाजूची कातडी तिच्याच रंगाची असते. लाली उरली तर ह्यू-सॅच्युरेशनच्या लेयरमध्ये फक्त रेड्स निवडून सॅच्युरेशन थोडं खाली आणायचं आणि मास्कने तेवढ्या जागेपुरतं ठेवायचं. खरं तर हे काम फोटोग्राफरच वाचवू शकतो. खांदे उघडे टाकायचे असतील तर मेकअपला बसतानाच घट्ट पट्टी काढून सैल काहीतरी घालायला सांगायचं, म्हणजे केस आणि चेहरा होईपर्यंत खाच आपली आपण विरते. उन्हाच्या पट्ट्याला असा उपाय नाही, तो जायला आठवडे लागतात. म्हणून पुढचं सगळं उन्हाच्या पट्ट्याबद्दल.

२. पट्टा गडद करायचा, खांदा गोरा करायचा नाही

रंग एकसारखा करायचा म्हटला की दोन वाटा असतात. फिकट पट्टा खांद्याइतका गडद करायचा, किंवा खांदा पट्ट्याइतका उजळ. घरच्यांकडून न सांगता दुसऱ्या वाटेची अपेक्षा येते. ‘तिचा मूळ रंग तोच आहे ना, मग तोच सगळीकडे करा,’ असं मला अनेक आयांनी, मावश्यांनी सांगितलं आहे. मी पहिली वाटच धरतो, आणि त्याची कारणं कामातलीच आहेत.

पट्टा लहान असतो, खांदे, दंड, मान, हात मिळून खूप मोठे. खांदे उजळले की दंड उजळावे लागतात, मग हात, मग बोटं, आणि बोटांवरच्या मेंदीचा रंग फिकट पडतो. कातडी उजळताना अंधाऱ्या भागातला दाणा वर येतो. काखेजवळ आणि मानेच्या सावलीत रंगाचे ठिपके दिसू लागतात. गडद करताना दाणा दबतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नवऱ्यामुलाच्या शेजारी, पाहुण्यांच्या घोळक्यात, प्रत्येक फोटोत ती ज्या रंगाची दिसली त्याच रंगाची राहिली पाहिजे. दोनशे जणांनी तिला त्या संध्याकाळी पाहिलेलं असतं. अल्बममध्ये भलतीच गोरी बाई दिसली तर तो फोटो तिचा राहत नाही.

तरी निर्णय माझा नसतो. फोटो ज्याचा त्याला विचारायचं, घरच्यांना नाही. या वधूला मी थेट फोन केला. ती म्हणाली, “दादा, पट्टे तेवढे घालवा, रंगाला हात लावू नका. मी रोज उन्हात असते, लोकांना माहीत आहे.” एवढं स्पष्ट उत्तर मिळालं की काम निम्मं सोपं होतं. काहींना पट्टे तसेच हवे असतात, तेही विचारल्यावरच कळतं.

३. ऊन कातडी नुसती काळी करत नाही

या कामाचा सगळा गाभा इथे आहे. उन्हाने कातडीत मेलॅनिन वाढतं. मेलॅनिन सगळ्या रंगांचा प्रकाश सारखा शोषत नाही. निळा सगळ्यात जास्त, हिरवा त्याहून कमी, लाल सगळ्यात कमी. म्हणून रापलेली कातडी नुसती गडद नसते, ती जास्त पिवळट-तांबूस असते. पट्ट्यावर बर्न टूल फिरवून किंवा एक्स्पोजर कमी करून जे मिळतं ते कधीच शेजारच्या खांद्यासारखं दिसत नाही. पट्टा जातो आणि त्याजागी मळकट डाग येतो.

मी आकड्यांवर जातो. आयड्रॉपरचा सँपल साइज ‘11 by 11 Average’ करतो, म्हणजे एखाद्या रंध्राचा किंवा केसाचा आकडा पकडला जात नाही. मग शिफ्ट दाबून दोन ठिकाणी क्लिक करतो: एक पट्ट्याच्या आत, एक लगेच बाहेर, दोन्हीवर सारखाच उजेड पडत असेल अशी जागा बघून. दोन्हीचे आकडे इन्फो पॅनलमध्ये दिसत राहतात. या फोटोत आकडे असे होते:

पट्ट्याच्या आत: लाल १८५, हिरवा १४३, निळा ११८.
शेजारी खांद्यावर: लाल १६०, हिरवा ११३, निळा ८४.

लाल २५ ने उतरला, हिरवा ३० ने, निळा ३४ ने. उन्हाने नेमकं काय केलं ते या तीन वजाबाक्यांत लिहिलेलं आहे, आणि तेच आता आपल्याला पट्ट्यावर करायचं आहे.

त्यासाठी एकच कर्व्ह्ज लेयर घ्यायचा, पण एकत्रित आरजीबीची रेघ न हलवता तीन चॅनेल वेगळे उघडायचे. लाल चॅनेलच्या रेघेवर एक बिंदू ठेवून Input मध्ये १८५ आणि Output मध्ये १६० टाकायचं. हिरव्यात १४३ आणि ११३. निळ्यात ११८ आणि ८४. संपलं. कुठलीही स्लायडर डोळ्याने अंदाजे सरकवायची नाही. लेयर लावल्याक्षणी सगळा फोटो गडद आणि तांबूस होईल, त्याने घाबरू नका. मास्क काळा करून टाकायचा, लेयर गायब होतो, आणि मग पांढऱ्या ब्रशने फक्त पट्ट्यावर तो परत आणायचा.

हेच एकत्रित रेघेवर एक बिंदू ठेवून, फक्त हिरवा बरोबर बसवून करून बघा. लाल जवळपास जागेवर येतो, पण निळा ८४ वर न येता ८८ च्या आसपास अडकतो. चार अंक ऐकायला किरकोळ वाटतात. पण पट्टा आणि खांदा एकमेकांना चिकटून आहेत, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला फरक डोळा फार बारीक पकडतो. पट्टा गेलाय असं वाटतं, तरी तिथे कातडी थंड आणि थोडी आजारी दिसते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण नजर तिथे अडखळते.

एक अट महत्त्वाची. आकडे घेण्याआधी फोटोचा व्हाइट बॅलन्स पक्का झालेला हवा आणि शक्यतो रॉ फाइलमधून सोळा बिटमध्ये काम हवं. रिसेप्शनच्या स्टेजवर एका बाजूने पिवळा हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूने जांभळा एलईडी असेल तर डाव्या खांद्याचे आकडे उजव्याला लागू पडत नाहीत. प्रत्येक खांद्याला त्याचा वेगळा कर्व्ह्ज लेयर द्यावा लागतो.

४. खांदा गोल आहे, म्हणून एक जोडी पुरत नाही

पट्टा खांद्याच्या माथ्यावरून निघतो, तिथे उजेड थेट पडतो. मग तो गळपट्टीच्या हाडाजवळ उतरतो, तिथे सावली असते. माथ्यावरचे आकडे घेऊन बनवलेली दुरुस्ती सावलीत तशीच बसेल याची खात्री नसते. म्हणून दुसरी जोडी सावलीतून घ्यायची. या फोटोत पट्ट्याचा सावलीतला भाग लाल १२९, हिरवा ९८, निळा ८० होता, आणि त्याच्या शेजारची कातडी १११, ७७, ५६. हे आकडे त्याच लेयरच्या त्याच तीन रेघांवर दुसरे बिंदू म्हणून टाकले. आता प्रत्येक रेघेवर दोन बिंदू झाले, एक उजेडाचा आणि एक सावलीचा, आणि मधला भाग रेघ आपोआप जुळवून घेते.

दोन्ही जोड्या घेताना जागा चुकू देऊ नका. पट्ट्याच्या आतला बिंदू माथ्यावर आणि बाहेरचा बिंदू उतारावर घेतला तर उजेडातला फरक रंगातला फरक म्हणून मोजला जाईल आणि दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होईल. दोन्ही बिंदू पट्ट्याच्या कडेला काटकोनात, जवळजवळ हवेत. शेजारी लाल शालूचा पदर असेल तर त्याचं लाल प्रतिबिंब कातडीवर पडतं. त्या जागेचे आकडे घ्यायचे नाहीत.

मग राहते खांद्याच्या माथ्यावरची चकाकी. घामाने किंवा मेकअपच्या चमकीने तिथे एक उजळ ठिपका किंवा रेघ असते. ती चकाकी कातडीच्या रंगाची नसते, दिव्याच्या रंगाची असते. रापलेल्या खांद्यावरही ती तशीच पांढरट असते. कर्व्ह्जने ती खाली ओढली तर ती नारिंगी-राखाडी होते आणि खांदा प्लॅस्टिकचा वाटतो. म्हणून लेयरवर डबल-क्लिक करून Blend If मध्ये जायचं, Underlying Layer च्या पांढऱ्या टोकाचा त्रिकोण ऑल्ट दाबून दोन तुकड्यांत फोडायचा आणि एक तुकडा २०० च्या आसपास आणायचा, दुसरा २४५ जवळ ठेवायचा. याचा अर्थ, २०० च्या वर दुरुस्ती हळूहळू विरत जाते आणि चकाकी जशीच्या तशी राहते.

५. मास्क निळ्या चॅनेलकडे बघत रंगवा

रंग बरोबर बसला तरी पट्टा उघडा पडतो तो कडेला. उन्हाच्या पट्ट्याची कड सगळीकडे सारखी नसते. माथ्यावर पट्टी घट्ट बसते म्हणून तिथे कड धारदार असते. पुढे छातीकडे कापड हलत राहतं, तिथे कड बोटभर रुंदीत विरलेली असते. तुमच्या मास्कची कड नेमकी तशीच हवी: वर कडक ब्रश, खाली मऊ. सगळीकडे एकच मऊ ब्रश फिरवला की माथ्यावर हमखास चूक दिसते.

चूक ओळखायची कशी? मूळ पट्ट्याच्या बाहेर एक बारीक गडद रेघ दिसली तर मास्क रापलेल्या कातडीवर सांडला आहे, तिथली कातडी दुप्पट गडद झाली आहे. आतल्या बाजूला बारीक उजळ रेघ उरली असेल तर मास्क कमी पडला आहे. दोन्ही एकाच ठिकाणी दिसल्या तर मास्कची कड खऱ्या कडेपेक्षा जास्त मऊ आहे. या तीन खुणा लक्षात ठेवल्या की अंदाज लावत बसावं लागत नाही, कुठे काळा ब्रश आणि कुठे पांढरा ते लगेच कळतं.

पण साध्या रंगीत फोटोत या रेघा नीट दिसत नाहीत. इथे मेलॅनिनचाच गुण उपयोगी पडतो. ते निळा जास्त शोषतं, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये पट्टा सगळ्यात ठळक दिसतो आणि लालमध्ये सगळ्यात पुसट. मी सगळ्यात वर एक तात्पुरता चॅनेल मिक्सर लेयर ठेवतो, Monochrome ला टिक करतो, लाल आणि हिरवा शून्यावर, निळा १०० वर. फोटो काळापांढरा होतो आणि पट्टा चुन्याने ओढल्यासारखा समोर येतो. आता खालच्या कर्व्ह्ज लेयरच्या मास्कवर ब्रश चालवायचा. फ्लो दहा टक्क्यांच्या आत, ब्रश पट्ट्याच्या रुंदीपेक्षा थोडा लहान. आधी मधला भाग भरायचा, मग कडेकडे सरकायचं. निळ्या चॅनेलमध्ये पट्टा दिसेनासा झाला की रंगीत फोटोत तो शोधून सापडत नाही. आकडे तपासताना मात्र वरचा तात्पुरता लेयर बंद करायला विसरू नका, नाहीतर इन्फो पॅनल काळ्यापांढऱ्याचे आकडे दाखवतं.

या वधूच्या उजव्या खांद्यावर आणखी एक अडचण होती. मुख्य पट्ट्याला चिकटून एक अर्धवट रापलेला पट्टा होता. पोशाखाची पट्टी रोज एकाच जागी बसत नाही किंवा पोशाख बदलतो, तेव्हा असे दोन पट्टे एकमेकांवर चढतात. त्यासाठी वेगळे आकडे घ्यायची गरज पडली नाही. तोच कर्व्ह्ज लेयर डुप्लिकेट करून अपारदर्शकता निम्म्याच्या आसपास आणली, मास्क पुन्हा काळा केला आणि फक्त अर्धवट पट्ट्यावर रंगवला. मेलॅनिन निम्मं, म्हणून दुरुस्ती निम्मी. अपारदर्शकता नक्की किती हवी ते इन्फो पॅनलच सांगतं: शेजारच्या खांद्याचे आकडे जुळेपर्यंत वर-खाली करायचं.

६. रुंद पट्ट्यावर हीलिंग ब्रश नको

घाई असली की हात पहिला हीलिंग ब्रशकडेच जातो. तो दुसरीकडची कातडी उचलून आणतो आणि तिचा रंग नव्या जागेच्या कडांशी जुळवतो. खाचेसाठी हे छान. रुंद पट्ट्यावर ब्रशची एक कड फिकट भागावर आणि दुसरी रापलेल्या भागावर पडते, आणि तो दोन्हीच्या मधला मळका रंग तयार करतो. शिवाय एकाच जागची कातडी पुन्हापुन्हा येते. एकच तीळ तीन ठिकाणी दिसतो. रंग आणि पोत वेगळे करून, खालच्या थरावर धूसर ब्रश फिरवण्याची पद्धतही अनेकजण वापरतात. तिथेही पट्ट्याची धारदार कड दोन थरांत वाटली जाते आणि बारीक रेघ पोताच्या थरात उरते. कर्व्ह्ज आणि मास्कमध्ये कातडीचा पोत, केस, तीळ जिथले तिथे राहतात, फक्त रंग सरकतो. आवडलं नाही तर लेयर बंद करून मूळ फोटो मिळतो.

७. पट्टा गेल्यावर मान बघा

पट्टे पुसले की एक नवी गोष्ट डोळ्यात भरते. मेकअप आर्टिस्टने चेहऱ्याला आणि मानेला बेस लावलेला असतो, तो बहुतेक वेळा खांद्यापेक्षा एखादी छटा उजळ असतो. आधी पट्ट्यांच्या गडबडीत तो फरक लपलेला होता. आता मान एका रंगाची आणि खांदे दुसऱ्या, आणि मधे बेस संपतो तिथे एक पुसट सीमा.

इथे मी चेहऱ्याला हात लावत नाही. तो मेकअप तिने निवडलेला आहे, त्यासाठी पैसे दिलेले आहेत. फक्त मानेच्या खालच्या भागात, गळपट्टीच्या हाडाच्या वर, तोच कर्व्ह्ज लेयर वीस-पंचवीस टक्के अपारदर्शकतेने आणि खूप मोठ्या मऊ ब्रशने आणतो, म्हणजे उजळ मानेवरून रापलेल्या खांद्याकडे रंग हळूहळू उतरतो. सीमा जाते, दोन्ही रंग राहतात. मंगळसूत्राच्या आणि हाराच्या सावल्या याच भागात असतात, त्यांच्यावर ब्रश नेला तर सावली तांबडी होते. तिथे मास्क काळाच ठेवायचा.

छातीच्या वरच्या भागातला अर्धगोलही याच हिशेबात येतो. तो पट्टा नाही, मोठा फिकट भाग आहे, आणि गाऊनच्या आत जातो. तो पूर्ण खांद्याच्या रंगाचा केला तर सपाट दिसतो. मी धारदार कड पूर्ण घालवली आणि गाऊनच्या काठाकडे दुरुस्ती थोडी कमी होत जाईल असं केलं. उघड्यावरून झाकलेल्याकडे जाताना कातडी थोडी उजळ होते, हे डोळ्याला ओळखीचं आहे, ते खटकत नाही.

८. हळदीचे फोटो वेगळे धरा

त्याच लग्नातले हळदीचे फोटोही आले होते. तिथे रिसेप्शनचे आकडे लावून चालत नाही. हळदीचा पिवळा रंग म्हणजे तरी काय, ती निळा प्रकाश शोषते. मेलॅनिनही तेच करतं. त्यामुळे हळद लागलेल्या खांद्यावर निळ्या चॅनेलमध्ये पट्टा आणि खांदा यांतलं अंतर कमी होतं, कधी जवळजवळ नाहीसं होतं. निळ्याकडे बघून मास्क रंगवायला गेलात तर कड सापडणारच नाही. हिरव्या चॅनेलकडे वळा. हळद हिरव्याला फारसं धरत नाही, मेलॅनिन धरतं, म्हणून पट्टा तिथे स्पष्ट दिसतो. चॅनेल मिक्सरमध्ये निळा शून्य, हिरवा १०० केला की झालं.

बाकी हळदीच्या फोटोंत मी फार काही करत नाही. हळद कुठे जाड, कुठे पातळ असतेच. रंग एकसारखा नसणं हेच तिथे खरं असतं. अगदी जवळून काढलेल्या एक-दोन फोटोंत पट्टा पुसला, बाकीचे तसेच ठेवले.

९. अल्बमच्या पानाएवढं बघून थांबा

पट्ट्याखालची कातडी उन्हात गेलेली नसते, म्हणून ती गुळगुळीत असते. शेजारच्या खांद्यावर बारीक ठिपके असतात, कुठे उन्हाने आलेले डाग. रंग जुळल्यावरही शंभर टक्क्यांवर बघितलं तर पट्ट्याची जागा थोडी जास्त स्वच्छ वाटते. तिथे खोटे ठिपके पेरत बसू नये. अल्बमचं पान उघडल्यावर छत्तीस इंच रुंद होतं, पण ते मांडीवर घेऊन हातभर अंतरावरून बघतात, आणि त्यात खांदा फार तर तळहाताएवढा येतो. तेवढ्या आकारात पोताचा हा फरक दिसत नाही. रंगाचा मात्र दिसतो. म्हणून शेवटची तपासणी मी फोटो लहान करून, पडद्यावर मूठभर दिसेल इतका, आणि आडवा उलटा करून करतो. उलटा केल्यावर डोळ्याची सवय मोडते. जे राहून गेलंय ते तिथे लगेच दिसतं.

एकाच स्टेजवर, एकाच उजेडात काढलेल्या बाकी फोटोंना हाच कर्व्ह्ज लेयर ओढून नेता येतो. आकडे तेच चालतात, मास्क मात्र प्रत्येक फोटोत नव्याने रंगवावा लागतो, कारण खांदा वळला की पट्ट्याची रुंदी आणि कड बदलते. दांपत्याचा दुरून काढलेला फोटो असेल, पट्टा दोऱ्याएवढा दिसत असेल, तर लाइटरूममध्येच ब्रशने एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणि टेम्परेचर थोडं पिवळ्याकडे नेलं तरी भागतं.

१०. जिथे माहितीच नाही तिथे कर्व्ह्ज चालत नाही

एका फोटोत कुणाच्या तरी कॅमेऱ्याचा फ्लॅश अगदी जवळून पट्ट्यावर पडला होता. इन्फो पॅनलमध्ये लाल २५५, हिरवा २५१, निळा २४३. लाल चॅनेल टोकाला भिडलेला, म्हणजे तिथे कातडीचा तपशील नोंदलेलाच नाही. अशी जागा कर्व्ह्जने जबरदस्तीने खाली ओढली की सपाट नारिंगी चकती मिळते. रॉ फाइल असेल तर हायलाइट्स खाली आणून बघायचं. बरेचदा थोडा तपशील परत येतो आणि मग नेहमीची पद्धत लागू पडते. इथे फक्त जेपीजी होता, पाहुण्याने पाठवलेला. मग त्याच फोटोतल्या डाव्या खांद्यावरचा तेवढाच तुकडा घेतला, तो उलटा करून नव्या लेयरवर बसवला, उजेडाची दिशा जुळेल इतकी त्याच्यावर कर्व्ह्जने सावली दिली आणि कडा मास्कने मिसळल्या. लहान आकारात तो चालला. मोठ्या पानावर चालला नसता, म्हणून अल्बमवाल्याला तो फोटो कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढाच वापरायला सांगितला.